बादलीसकट फोटो

आज आजोबांचं दुसरं पुण्यस्मरण. स्टेटसला ठेवायला त्यांचा एकट्याचा एकच फोटो सापडला, तोही पंगतीतला. हातात आमटीची बादली, कमरेत वाकलेले, नजर पुढच्या पानावर. गावातल्या प्रत्येक लग्नात ते वाढायला असायचे आणि सगळ्यांचं झाल्यावरच जेवायचे.

बाबा म्हणाले, "बादली तेवढी काप. श्रद्धांजलीला बरं दिसत नाही."

मी कापली. तसे आजोबा कुणापुढे तरी हात पसरून उभे असल्यासारखे दिसू लागले. जन्मभर वाढणारा माणूस. ते पाहून बाबा म्हणाले, "राहू दे बादली."

मग 'भावपूर्ण श्रद्धांजली' पुसून मी नाव, तिथी आणि एकच ओळ लिहिली: "आजोबा, आज पहिलं पान तुमचं. बसा."