दोराचे झटके

आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक शेंदूर लावलेला दगड आहे. धान कापायला आलं की गावातला प्रत्येक शेतकरी पहिली पेंडी त्या दगडापुढं ठेवतो. माझे आजोबा, आबाजी, तेही ठेवायला द्यायचे, पण स्वतः कधी पाळीवर चढले नाहीत. पेंडी माझ्याच हाती. का, हे विचारायची बुद्धी मला नववीत जाईपर्यंत झाली नाही.

नववीत शाळेनं काम दिलं: गावातला एक शूर माणूस निवडा, म्हाताऱ्यांना विचारा, लिहून आणा. चिमूरकडच्या आमच्या गावात शूर माणूस एकच, दगडाखालचा. ढिवराचा, म्हणजे मासे धरणाऱ्याचा, पोरगा. पन्नास वर्षांपूर्वी तलावाचं तुडूम फुटलं तेव्हा पाण्यात उतरला आणि गावचं धान वाचवलं, इतकं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुडूम म्हणजे पाळीच्या आत, पाण्याखाली असलेलं दगडी भोक. त्यातून पाळीखालून पाणी शेतात जातं. एरवी लाकडी खुंटा ठोकून ते बंद ठेवतात. त्या वर्षी खुंटा सडून निघाला, धान निसवायला, लोंब्या धरायला आलेलं, पाऊस संपलेला, आणि तलाव भसाभस रिकामा व्हायला लागला.

गुरुजींनी चार गोष्टी बजावल्या होत्या. प्रत्येकाला एकटं गाठायचं, चार म्हातारे एकत्र बसले की सगळे एकच बोलतात. काय झालं हे नाही, 'तुम्ही कुठं उभे होता' हे आधी विचारायचं. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळं लिहायचं. आणि उत्तर आपण सांगायचं नाही. हे चौथं त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान डोलावली. मला वाटलं, एवढं काय त्यात!

पहिले गाठले गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला तसे म्हातारे खुलले. "मी खाली होतो बाबू, शेताकडं, जिथून पाणी निघते तिथी. एकदम पाणी थांबलं! मी बोंबललो, थांबलं रे, थांबलं, हात लावू नका! काय माणूस होता बाप्पा! खुंटा बसवला अन् जीव देला."

"तुम्ही खुंटा बसवताना पाहिला?"

"अबे, मधात पाळ होती. कसा पाहीन?"

मी वहीत खुंट्यापुढं 'ऐकलेलं' लिहिलं. फार हुशारी वाटली स्वतःची.

दुसरा होता म्हातारा ढिवर, बुडालेल्याचा जोडीदार. त्या दिवशी डोंग्यात, म्हणजे लहान नावेत, तुडुमाच्या वरच बसलेला. मी गेलो तेव्हा जाळं विणत होता, हात थांबवले नाहीत.

"खुंटा? खुंटा तर माह्या डोंग्याजवळ तरंगून राह्यला होता."

मी विचारलं, "मग पाणी कशानं थांबलं?"

"त्याच्याच आंगानं." त्यानं गाठ ओढली. "तुडूम माणसाले ओढते, पोरा. हात गेला का खांदा जाते. म्हणून तर कमरेले दोर बांधला होता. एक झटका म्हणजे ढील द्या, दोन झटके म्हणजे ओढा. खाली जातानी एक आला. मंग दोन आले. मी पाह्यले. दोर ताणला, अन् मंग ढिला झाला."

"दोर कोणाच्या हातात होता?"

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "तुह्या आबाजीले विचार."

आमच्या घरी ही गोष्ट वेगळी होती. दोर तुटला, आबाजी रडले, संपलं. म्हणून मी चिडून उठलो. म्हाताऱ्याला भ्रम झाला, असंच म्हणत घरी आलो. पण रात्री जेवताना आबाजी समोर बसून भातावरचं सार भुरकत होते, आणि मी त्यांच्या हातांकडे बघत होतो.

तिसरी बुडालेल्याची बायको. ढिवरपुऱ्याच्या, ढिवरांच्या वस्तीच्या, टोकाला एकटी राहायची. ती म्हणाली, "मी तिथी नव्हती. जे पाह्यलं नाई ते सांगत नाई." गुरुजींपेक्षा हीच शहाणी निघाली.

"मग काय पाहिलं, आजी?"

"तिसऱ्या दिवशी त्याले घरी आणलं ते पाह्यलं. सुतारानं नवा खुंटा घडवला, मंगच काढलं. पहिले काढलं असतं तर पाणी गेलं असतं ना." हे तिनं शिळ्या भाताबद्दल सांगावं तसं सांगितलं. "अन् दोर पाह्यला. तुटला नव्हता. अख्खा होता. वर्षभर मी त्यानंच म्हैस बांधली."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. निघताना ती म्हणाली, "तुह्या आबाजीवर माहा राग नाई. त्यानं एक डाव येऊन सांगावं, बस. मी वाट पाहून राह्यली."

घरी येऊन मी वहीत तलाव काढला. पाळ, तुडूम, शेत, डोंगा. कोण कुठं उभं होतं तिथं टिंब दिलं. तेव्हा कळलं की तिघांपैकी कोणीच खोटं बोललं नव्हतं. ज्याला जिथून जेवढं दिसलं तेवढं तो बोलला होता. चौथं टिंब पाळीवर, दोर धरून. त्याला डोंगाही दिसत होता आणि खालची बोंबही ऐकू येत होती: थांबलं रे, हात लावू नका. हातात दोन झटके, कानात गावाचं धान. हे माझे आबाजी होते हो! मला खांद्यावर बसवून चिमूरची घोडायात्रा दाखवणारे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबाजी अंगणात बाजेवर बसले होते. मी मोबाइल ठेवला. त्यांनी विचारलं, "तिच्याकडं गेलता?"

"हो."

"हं." ते उजव्या हाताचा अंगठा बोटांवरून फिरवत राहिले. गुरुजींनी बजावलं होतं, उत्तर आपण सांगायचं नाही. मला ते जमलं नाही. आबाजींनी तोंड उघडलं. "बाबू, त्या दिवशी दोराले..."

"एकच झटका होता ना, आबाजी?" मी म्हणून टाकलं. "एकच होता, म्हणून तुम्ही ढील दिली. हो ना?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते तोंड मी आजही विसरलो नाही. आधी काहीच नव्हतं त्यावर, मग हळूहळू ते हसले, लहान लेकराला समजवावं तसं.

"हो रे बाबू. एकच."

मी मोठ्या आनंदात ढिवरपुऱ्यात धावलो. म्हातारीला बसवून मोबाइल वाजवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "अजून एक डाव लाव." मी लावलं. मग ती म्हणाली, "पोरा, हे 'एक' तर तू म्हणून राह्यला. तो तुह्या मागं म्हणून राह्यला."

मी तसाच परत फिरलो. आबाजी बाजेवरच होते. या वेळी मी मोबाइल खिशातून काढलाच नाही. त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "आबाजी, किती झटके होते? तुम्हीच सांगा. मी काही म्हणत नाही."

"आता काऊन विचारतं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "पन्नास वर्सांत एक डाव खरं तोंडाशी आलं होतं. तू म्हणाला एक, मी हो म्हणलो. आता एकच."

मी 'एकच झटका' लिहून दिलं, आणि शाळेत माझा पहिला नंबर आला. पुढच्या हिवाळ्यात आबाजी गेले. तेराव्याला ढिवरपुऱ्यातून म्हातारी आली. दारातच उभी राहिली, आणि मला एवढंच विचारलं, "जातानी काई बोलला का?"

मी म्हणालो, "नाही."