बुधवारचे अडीच तास

वर्ध्याला मी पहिली नोकरी केली ती एका सल्लागार इंजिनिअर साहेबांकडे. जिल्ह्यातल्या जिनांचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, बॉयलर आणि इंजिनं तपासून ते सल्ला देत आणि तासांवर बिल लावत. ऑफिसात टेबलं दोनच. एक त्यांचं, एक माझं. त्यामुळे चूक झाली की ती कोणाची, हा प्रश्नच नसे. माझीच.

काम साधं होतं. रोज संध्याकाळी साहेब परतले की कोणत्या जिनात किती वेळ गेला ते सांगत आणि मी गिऱ्हाइकावार, पाव-पाव तासाच्या हिशेबानं तक्त्यात मांडत असे. प्रवासाचा आणि ऑफिसचा वेळ बिनबिलाच्या रकान्यात. शनिवारी ताळा. माझा तक्ता, साहेबांची खिशातली डायरी आणि जिनाच्या मॅनेजरनं सही करून दिलेल्या वेळेच्या चिठ्ठ्या, तिन्ही जुळले तरच बिल निघे. खाडाखोड चालत नसे. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही.

त्या शनिवारी बाकी सगळं जुळलं आणि बुधवार अडला. तक्त्यात ‘देवळी, अडीच तास’. डायरीतही साहेबांच्याच अक्षरात देवळी. चिठ्ठी मात्र आर्वीच्या जिनाची. तारीख बुधवारचीच, वेळ बारा ते अडीच, खाली आर्वीच्या मॅनेजरची सही. डायरीच्या पानांत सर्व्हिस मोटारीचं तिकीट होतं, तेही आर्वीचं.

आधीच्या कारकुनाला असल्याच घोळापायी घरी पाठवलं होतं, आणि माझ्या घरी मिळवती मी एकटीच. दोनदा वाटलं, चिठ्ठी फाईलच्या तळाशी सारावी नि गप्प बसावं. मग पत्रांची फाईल उघडली आणि नोकरीची भीती त्यापुढे काहीच नव्हती असं झालं.

गुरुवारी साहेबांनी सांगितलेलं पत्र मीच टाइप केलं होतं. देवळीच्या जिनाला. दुरुस्तीनंतर बॉयलर तपासला, जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व ठीक आहे, शनिवारी भट्टी पेटवायला हरकत नाही. आज शनिवार होता. साहेबांनी बुधवारी आर्वीचा बॉयलर तपासला होता आणि देवळीच्या नावानं पत्र धाडलं होतं; देवळीचा बॉयलर कोणी पाहिलाच नव्हता.

चिठ्ठी घेऊन मी त्यांच्यापुढे उभी राहिले. बुधवारची चिठ्ठी आर्वीची निघाली, असं सांगितलं.

“मी देवळीलेच गेलतो, बाई,” साहेब चिडून म्हणाले. “तुमीच चिठ्ठ्यांचा घोळ केला असन.”

“आर्वीच्या मॅनेजरची सही आहे, साहेब. अन् हे तिकीट.”

त्यांनी तिकीट उलटंसुलटं केलं. डायरी वाचली. पुन्हा तिकीट पाहिलं. तेवढ्यात त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझं बोलणं परत घ्यावंसं वाटलं.

“देवळीले भट्टी पेटली असन,” ते म्हणाले. “चला.”

जिनात फोन नव्हता. मोटार भरल्याशिवाय हलेना आणि ड्रायव्हर चहा पीत बसलेला. त्याला मी जे बोलले ते माझ्या आईनं ऐकलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं. वाटेभर कान देवळीकडे होते. स्फोट इतक्या लांबून ऐकू येतो का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

जिनाचं धुराडं दिसलं, उभं होतं. आत बाया कापूस वाहत होत्या, एकीचं मूल ढिगावर झोपलेलं. फिटर साहेबांना पाहून हसला. “तुमचं पत्र आलं अन् पेटवली, साहेब. वाफ चढून राह्यली.”

साहेबांनी व्हॉल्वचा दांडा हातानं उचलून पाहिला. हलेना. फिटरनं जोर लावला, तरी हलेना. तो जागीच गंजून बसला होता. “भट्टीतला इस्तो काढा!” साहेब ओरडले. “बाया बाहेर काढा आधी!” त्यानंतर तासभर त्यांच्या तोंडचा एकही शब्द चुकला नाही. निखारे ओढले गेले, वाफेच्या दाबाचा काटा हळूहळू खाली आला. मी कापसाच्या ढिगाशी बसून रडले, कोणी पाहतंय की नाही याची पर्वा न करता.

परतीच्या मोटारीत मला हलकं वाटत होतं. चुकतो माणूस एखाद्या वेळी, असं मी मनाला समजावलंही. वर्धा आलं. साहेबांनी सवयीनं खिशातून डायरी काढली, पेन्सिल ओठाशी नेली आणि थांबले.

“बाई,” ते अगदी हळू म्हणाले, “आपण आता आर्वीहूनच आलो नं?”

“नाही, साहेब. देवळीहून.”

त्यांनी डायरी आणि पेन्सिल दोन्ही माझ्या मांडीवर ठेवली.

“मंग तुमीच लिहा,” ते म्हणाले.