आंघोळीच्या दिवसाचा सराव

दुष्काळाच्या त्या वर्षी, मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, लातूरच्या एका मैदानावर माझ्या धाकट्या बहिणीने चार किलोचा गोळा पाच मीटर वीस सेंटिमीटर टाकला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिनेच तो पाच मीटर ऐंशी टाकला होता. मधल्या काळात ती एकही दिवस आजारी नव्हती आणि तिने एकही सराव चुकवला नव्हता.

ती पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणी मे महिन्यात होती. वयोमर्यादेप्रमाणे ही तिची शेवटची भरती. आधीच्या तीन भरत्यांत ती थोड्या गुणांनी मागे राहिली होती. हदगाव तालुक्यातल्या आमच्या गावात वडील प्राथमिक शिक्षक होते. तिच्या लग्नासाठी एवढी वर्षे थांबलो तसे या भरतीपर्यंत थांबू, असे त्यांनी ठरवले होते. मी लातूरला वर्तमानपत्रात नोकरीला होतो, म्हणून ती माझ्याकडे राहत होती.

सराव घेणारे उस्ताद साठीचे होते. तरुणपणी कुस्ती, मग राखीव दलात नोकरी, निवृत्तीनंतर घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा मुली. फी जमेल तशी घेत. आधीचे वेळापत्रक असे : आठवड्यात तीन सकाळी धावणे, वेगळ्या दोन संध्याकाळी वजने. जानेवारीत गल्लीतली बोअर आटली. टँकर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी येऊ लागला. बहुतेक मुली त्याच गल्लीत खोल्या करून राहत होत्या आणि बाकीच्या दिवशी आंघोळीला पाणी नसे. उस्तादांनी सगळा सराव टँकरच्या तीन दिवसांवर आणला. पहाटे बारा किलोमीटर धावणे, लगेच तासभर वजने, मग आंघोळ. ते म्हणत, “आंघोळ एकदा, तर घाम बी एकदाच.”

मी त्यावर कौतुकाची दहा ओळींची बातमी लिहिली होती. ती दुसऱ्या पानावर आली. त्याच पानावर आमच्या भागात नवा जिल्हा होणार असल्याच्या चर्चेची बातमी होती. जिल्हा झाला तर पोलिसांची पदे निघतील, असे मुली आपसात बोलत. तसा आदेश निघाला नव्हता, हे मी त्यांना सांगितले होते.

गोळा घसरल्यावर उस्तादांनी बहिणीला बाजूला घेतले. नव्याने आलेल्या दोन मुलींचे धावणे सुधारले होते आणि गोळाही वाढला होता. वेळापत्रक एकच, मग हिचेच का घटते? अंग चोरते, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी तिला दोन किलोमीटर वाढवून दिले. ती ते निमूट धावली. पुढच्या आठवड्यात गोळा आणखी पाच सेंटिमीटर कमी पडला.

त्या रात्री जेवताना तिने विचारले, “दादा, मी खरंच कमी करून राहिले का?”

तिच्याकडे एक वही होती. रोजचे अंतर, वेळ, उचललेले वजन, गोळ्याची फेक, सगळे तारखेसह. मी ते एका कागदावर रकान्यांत उतरवले. खांद्यावर बार घेऊन बसण्या-उठण्याचे वजन जानेवारीत पंचावन्न किलो होते. मार्चमध्ये पन्नासवर चौथ्या वेळी पाय थरथरत होते. आठशे मीटरची वेळ तीन मिनिटे चार सेकंद होती, ती तीन मिनिटे आठ सेकंद झाली होती. एवढे धावूनही धावणे सुधारले नव्हते.

कार्यालयाच्या कामाने नांदेडला जाणे झाले, तेव्हा कागद बरोबर नेला. तिथल्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवणारे प्राध्यापक ओळखीचे होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि एकच विचारले : गोळा घसरू लागला त्या आठवड्यात काय बदलले? मी टँकर सांगितला.

त्यांचे म्हणणे मी टिपून घेतले होते. लांब धावण्याने स्नायू काटकसर शिकतो, दमादमाने जास्त वेळ चालायला शिकतो. जड वजनाने त्याला उलट सांगितले जाते, की जाड हो, झटक्यात जोर लाव. दोन्ही शिकवण्या एकाच आठवड्यात जास्त झाल्या, त्यातही एकामागोमाग झाल्या, की एक दुसरीला अडवते. धावून शिदोरी संपलेल्या पायांनी वजनही कमीच उचलले जाते आणि त्यातून अंगाची जी भर व्हायची, तीही पुरती होत नाही. झटक्याचा जोर सगळ्यांत आधी जातो आणि गोळा म्हणजे झटकाच. वजनाने आंबलेले पाय पुढच्या वेळी वेगाने धावत नाहीत, म्हणून आठशे मीटरही अडकते. नव्या मुलींचे काय, हे मी विचारले. नवख्या शरीराला काहीही दिले तरी काही महिने दोन्ही वाढते, ते म्हणाले. हिचे चौथे वर्ष आहे. सगळ्यांना हे सारखे लागू होत नाही, हेही त्यांनी लिहून घ्यायला लावले.

उपाय त्यांनी सांगितला तो असा : वजने आणि धावणे वेगळ्या दिवशी. एकाच दिवशी करावेच लागले तर वजने आधी आणि मध्ये निदान सहा तास. बारा किलोमीटर बंद, त्याऐवजी दोनशे-चारशे मीटरच्या वेगाच्या फेऱ्या.

मी शेडवर गेलो तेव्हा उस्ताद बारवरचा गंज पुसत होते. मी कागद दिला आणि ऐकलेले सांगितले. ते मुलींसमोरच म्हणाले, “पेपरवाले, आता घाम कसा काढायचा ते बी तुम्हीच छापणार काय?”

मुली हसल्या. बहीण हसली नाही. उस्तादांनी चष्मा लावला आणि तारखांच्या रकान्यावर बोट ठेवून खाली नेत गेले. पहिल्या टँकरच्या तारखेशी बोट थांबले.

मग म्हणाले, “आमचे उस्ताद जोडीच्या कुस्तीच्या दिवशी लांब पळू देत नव्हते. पळालास तर आज मातीत उतरू नको म्हणायचे. मला ठावं होतं हे. पाण्यापायी इसरलो.” बहिणीकडे वळून ते म्हणाले, “बेटा, तू चोरी न्हाई केलीस. मीच तुला दोन रस्त्यांनी ओढलं.”

बहीण म्हणाली, “उस्ताद, आता किती आठवडे हायेत?”

सात आठवडे होते.

पाण्याचा प्रश्न मुलींनी सोडवला. वजनांसाठी सोमवार आणि शुक्रवारची संध्याकाळ ठरली. त्या दिवशी आंघोळ नाही. प्रत्येकीला एक तांब्या पाणी, त्यात टॉवेल भिजवून अंग पुसायचे. एक जण म्हणाली, पोलीस झाल्यावर दोनदा करू. दुसरी म्हणाली, तोवर तुझ्या वासानेच चोर पळतील. धावणे मंगळवारी आणि शनिवारी ठेवले. बुधवारी कुणी शेडवर यायचे नाही, असे उस्तादांनी बजावले. त्या दिवशी ते स्वतः दारात बसत आणि आलेल्या मुलीला परत पाठवत. माझी बहीण दोनदा परत आली.

तिसऱ्या आठवड्यात गोळा साडेपाच मीटरवर आला. सहाव्या आठवड्यात बारवर पुन्हा पंचावन्न किलो चढले. मी दुरुस्तीची बातमी लिहिली. जागा नसल्यामुळे ती आली नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका अकादमीने आमची आधीची बातमी वाचून टँकरचे वेळापत्रक सुरू केले होते. उस्ताद तिथे स्वतः जाऊन सांगून आले.

मे महिन्यात चाचणी झाली. तिचा गोळा पाच मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटर गेला. आठशे मीटरला तीन मिनिटे एक सेकंद लागला. दोन्ही तिच्या वहीतले सर्वांत चांगले आकडे होते.

निकाल पावसाळ्यात लागला. प्रतीक्षा यादीत तिचा क्रमांक तिसरा होता. त्या यादीतून दोघींना बोलावणे आले.