दुसरा कप कोणाचा?

अकोल्याच्या एका कापड गिरणीत मी कामगार कल्याण अधिकारी होतो. तिथे सगळ्यांना दुपारचा चहा फुकट मिळे. एकदा मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं, की ठरल्यापेक्षा जास्त कापड विणेल त्याला दुसरा कप.

युनियनचे सेक्रेटरी तावातावाने माझ्याकडे आले. "साहेब, चहा सवलत हाय का इनाम?"

"पहिला कप सवलत," मी म्हणालो. "तो सगळ्यांना, कापड कितीही निघो. दुसरा मात्र जास्तीच्या कापडावर, म्हणून ते प्रोत्साहन."

"मंग दोन्ही एकाच किटलीतून काहून?"

तेवढ्यात कँटीनचे चहावाले काका आले. "कोणाचा पहिला, कोणाचा दुसरा, हे मीच ध्यानात ठेवून राहिलो. माह्या कामाचे गुण वाढवा!"

तेव्हा गिरणीत प्रत्येक कामाला कौशल्य, श्रम आणि जबाबदारी पाहून गुण देत होते. त्यावरून मूळ पगार ठरायचा. काकांची जबाबदारी खरंच वाढली होती, म्हणून गुण ठरवणाऱ्या समितीने ते वाढवले.

"म्हंजे मी हुशार ठरलो!" काका खुलले.

"गुण कामाचे आहेत, काका, तुमचे नाहीत. तुमच्या जागी कोणीही आलं तरी तेवढेच."

"असं? मंग येऊ द्या कोणाले बी!" म्हणत काका रजा टाकून कौंडण्यपूरच्या जत्रेला गेले.

मग मॅनेजरसाहेबांचा शिपाई चहा करू लागला. त्याचा चहा इतका पांचट होता, की दुसरा कप टाळण्यासाठी विणकरांनी माग हळू चालवले. कापड घटलं तसं साहेबांनी घाईघाईने प्रोत्साहन रोखीत सुरू केलं.