दाराआडची आजी

भूलबाई म्हणजे आमच्या भूल देणाऱ्या डॉक्टर. ऑपरेशन थिएटरची नर्स म्हणून मी त्यांच्या हाताखाली जन्म काढलाय, तेव्हा त्यांच्याविषयी बोलायचा मला हक्क आहे. बाई महासंथ. चहा गार होईपर्यंत ढवळत बसायच्या. इमारतीला आग लागली तरी तुम्ही आधी चपला जागेवर ठेवाल, असं मी तोंडावर म्हणायची आणि त्या हसायच्या. घरी मात्र तीन वर्षांच्या नातीपुढे त्यांचं काही चालत नसे. आजी दिसली की पोर हात वर करायची, आणि कडेवर घेईपर्यंत भोकाड थांबायचं नाही.

या नातीला पूर्वी दोनदा क्रूप, म्हणजे लहान मुलांच्या घशाला सूज येणारा आजार, झाला होता. आधी सर्दी, मग कुत्रं भुंकावं तसा खोकला, बसलेला आवाज, श्वास आत घेताना घरघर. तरी ती पाणी प्यायची आणि रडून घर डोक्यावर घ्यायची. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा डोस दिला की उतार पडायचा. म्हणून त्या दुपारी हॉस्पिटलात बाईंना सुनेचा फोन आला की पुन्हा तोच क्रूप झालाय, तेव्हा मी तर लक्षही दिलं नाही. बाईंनी विचारलं, खोकला कसा आहे? सून म्हणाली, खोकला नाहीच. सकाळी छान खेळत होती. आता अंगाला हात लाववत नाही इतका ताप, तोंडातून लाळ गळतेय पण गिळत नाही, दोन्ही हात टेकून, हनुवटी पुढे काढून बसलीय. बोलते ते तोंडात गरम घास धरल्यासारखं.

बाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. आवाज मात्र तसाच संथ होता.

"अँब्युलन्स बोलाव आणि बसलीय तशीच मांडीवर घेऊन ये. आडवी करू नकोस, घशात बघू नकोस, काही पाजू नकोस. रडू देऊ नकोस."

घास गिळताना श्वासनळीवर एक छोटं झाकण येतं. तेच सुजलं तर मुलाचा श्वास एका चिंचोळ्या फटीवर चालतो. या आजाराचं नाव एपिग्लॉटायटिस. लसीमुळे हल्ली तो फारसा दिसत नाही. पण हिचे डोस दर सर्दीला पुढे ढकलत राहूनच गेले होते, हे मागाहून कळलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आमच्या हातांना एक खोड असते. मूल आलं की त्याला आडवं करायचं, 'आ' करायला लावायचं, सुई टोचायची. बालरोग डॉक्टरांच्या हातातही सवयीनं जीभ दाबायची पट्टी आलीच होती. बाईंनी फोनवर ऐकलेलं सगळं सांगताच त्यांनी ती मुकाट्यानं खिशात टाकली. पट्टी लागली किंवा पोर रडली तरी ती फट बंद होऊ शकते. म्हणून आता सुई नाही, एक्स-रे नाही, आईपासून दूर करणंही नाही, हे दोघांचं ठरलं. स्वतःच्या नातीला भूल द्यायला नको म्हणून बाईंनी आपल्या शिष्याला बोलावलं. श्वासासाठी घशातून घालायची नळी गेलीच नाही तर गळ्याला छेद द्यावा लागेल, त्या तयारीनं घशाचे सर्जनही थिएटरमध्ये येऊन उभे राहिले.

अँब्युलन्स आली. मला वाटलं, आज तरी बाई पळतील. त्या चक्क दाराआड जाऊन उभ्या राहिल्या. माझं डोकंच फिरलं. अहो, आजी ना तुम्ही, जवळ जा की, असं मी फाडकन म्हणाले.

"मला बघितलं की ती हात वर करेल. घेतलं तर हलेल, नाही घेतलं तर रडेल."



सून लेकीला मांडीवर घेऊन, ऑक्सिजनचा मास्क तिच्या तोंडाजवळ नुसता धरून आमच्या समोरून थिएटरमध्ये गेली. दाराच्या फटीतून बाईंना फक्त नातीचे लोंबकळणारे पाय दिसले असतील. मीही मागोमाग आत गेले. शिष्यानं तिला आईच्या मांडीवर बसवूनच हळूहळू वायूनं भूल दिली. ती गाढ झोपल्यावरच तिला आडवी करून घशात पाहिलं. झाकण टोमॅटोसारखं लाल, फुगलेलं. नेहमीपेक्षा बारीक नळी घ्यावी लागली, पण ती गेली. सुई, रक्ततपासणी, अँटिबायोटिक, सगळं त्यानंतर.

मी बाहेर येऊन बाईंना सांगितलं, नळी बसली. त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. मी शेजारी बसून त्यांच्याबरोबर रडले. सांगायला लाज कसली?

सूज उतरल्यावर नळी काढली. आजी पहिल्यांदा खाटेजवळ आली तेव्हा पोरीनं हात वर केले नाहीत. भिंतीकडे तोंड फिरवून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सगळे आले. तू आली नाहीस."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर बाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या आणि तिला उचलून कडेवर घेतलं.