सासूबाईंच्या सुईवरचा उजेड

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नाही. तशी वेळही फारशी आली नाही, कारण चूक बहुतेक वेळा समोरच्याचीच निघते. आमच्या घरात समोरची म्हणजे मी.

मी वायरमन. वायरवुमन म्हणा, मला फरक पडत नाही. सासूबाई एकतीस वर्षं एकाच शिलाई युनिटमध्ये कोटाच्या कॉलरी शिवतात. तिथे कॉलरीची खुर्ची म्हणजे मानाची खुर्ची. बाह्या कुणीही जोडतं, पण कॉलर बिघडली तर कोट बिघडला. नव्या बाईला शिकवायचं झालं की मालक म्हणतात, "मावशींच्या शेजारी बस." मावशी तिला तीन दिवस नुसतं बघायला लावतात आणि चौथ्या दिवशी कापड हातात देतात. कुणी कुरकुरलं तर, "घाई असेल तर पिशव्या शिव."

गेल्या वर्षी युनिट नव्या हॉलमध्ये गेलं आणि दिव्यांचं काम आमच्या कंत्राटदारकाकांना मिळालं. आखणी त्यांनी माझ्यावर सोपवली. मी हुरळून गेले. टेबलापासून दिव्यापर्यंतची उंची पावणेतीन मीटरच्या थोडी वर भरत होती. त्या उंचीच्या सव्वापटीपेक्षा जास्त अंतर दोन दिव्यांत ठेवायचं नसतं, म्हणून मी तीन मीटरवर दिवे घेतले. शिलाईला टेबलावर साडेसातशे लक्स उजेड लागतो. रिकाम्या हॉलमध्ये चौकोन आखून टेबलाच्या उंचीवर उजेड मोजायचं मीटर धरलं तर सरासरी सातशे ऐंशी. घरी येऊन दोनदा सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं."

महिन्याभरात काळ्या कोटांचा लॉट परत आला. काळ्या कापडावर काळा दोरा, आणि शंभरात बारा कॉलरींची शिलाई कडेवरून घसरलेली. काळ्या कॉलरी सगळ्या सासूबाईंच्याच हातच्या.

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नंबर आहे तोच, चष्मा उत्तम. पण मालकांचं ठरलं होतं. सोमवारपासून मावशींनी धागे कापायचे आणि कॉलरी नव्या चटपटीत मुलीने शिवायच्या.

त्या शुक्रवारी त्या घरी आल्या आणि मला एकही टोमणा मारला नाही. ज्या बाईला माझ्या चहात रोज काहीतरी कमी लागतं, तिने तो मुकाट्याने प्यायला. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर चल. तुझं ते मीटर घे."

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि काळ्या कापडाचे दोन तुकडे पुढे केले.

"शिव."

मी वाकले आणि सुई दिसेनाशी झाली. माझ्याच डोक्याची सावली बरोबर सुईवर पडली होती. वर पाहिलं तर दिवा पाठीमागे. मी नकाशा काढला तेव्हा माझ्या अंदाजाने दिव्यांच्या रांगा बायकांच्या पुढ्यात येत होत्या. सामान आणताना इस्त्रीचं टेबल मावेना, म्हणून मालकांनी मशिनं फिरवून आडवी लावली आणि मधे कोटांचे स्टँड उभे केले.

"बघा!" मी उसळले. "मालकांनी मशिनं फिरवली आणि खापर तुमच्यावर!"

"मीटर धर आधी."

सुईखालच्या पत्र्यावर मीटर ठेवलं. खुर्ची रिकामी असताना सहाशे वीस. सासूबाई बसून वाकल्या, तसा आकडा दोनशे दहावर आला. त्यात काळं कापड उजेड गिळतं, ते वेगळंच.

"तू मोजलंस तेव्हा इथे कोण बसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"कपडा बेतताना माणूस समोर उभं करतात. तू हॉल बेतलास. माणूस कुठे होतं?"

मशिनं कुठल्या दिशेला लागणार, बायकांची तोंडं कुठे असणार, हे मी एका शब्दाने विचारलं नव्हतं. रिकाम्या हॉलला शाबासकी देऊन मोकळी झाले होते, आणि त्याची शिक्षा या बाईला होत होती. मला रडू फुटायचं बाकी होतं.

"रडायचं तर घरी," त्या म्हणाल्या. "मालक आत आहेत. चल."

मालकांना मी सरळ सांगितलं, चूक माझी आहे. ते हसले. "आधी डोळे, आता दिवे. घरचं माणूस आहे, बाजू घेणारच."

सासूबाई पुढे झाल्या. "उद्या रविवार आहे. माझ्या एका रांगेवर हिला दिवे लावू द्या. सोमवारी दहा काळ्या कॉलरी मी शिवते. दहा तुमच्या त्या मुलीला मागच्या रांगेत जुन्या दिव्यांखाली शिवू द्या. आत खडूने नुसते आकडे घाला. कुठली कुणाची, ते तपासनिसाला कळता कामा नये."

मालक पेचात पडले. नाही म्हणावं तर भित्रे ठरणार. "ठीक आहे," म्हणाले.

रविवारी सकाळी कंत्राटदारकाका म्हणाले, "अगं, आहेत तेच दिवे साखळीने खाली घे, झालं."

"नाही काका. दिवा टेबलापासून दीड मीटरवर आला, की अंतरही कमी करावं लागतं. तीन मीटरच ठेवलं तर एकीला लख्ख आणि शेजारणीला अंधार. दीडाची सव्वापट धरली तर पावणेदोनच्या थोडं वर जाते. मी एक मीटर साठ घेते."

रांगेला सहा लांब दिवे लागले, सगळ्यांना दुधी झाकण, म्हणजे सुईचा पत्रा डोळ्यांत चमकणार नाही. या वेळी फूटपट्टीआधी मी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं. त्या वाकल्या, आणि काकांनी दोरीला दिवा बांधून मागे-पुढे सरकवला. कपाळाच्या पुढे आला तशा त्या म्हणाल्या, "बस, इथे." मशिनचा खांब सुईच्या उजव्या हाताला असतो आणि तिकडचा उजेड अडवतो, म्हणून पहिला दिवा डावीकडच्या शेवटच्या मशिनच्याही थोडा बाहेरून सुरू केला. मग त्या वाकलेल्या असतानाच मीटर ठेवलं. आठशे वीस. दोन दिव्यांच्या मधल्या मशिनवर सातशे साठ.

सोमवारी वीस कॉलरी तपासनिसाच्या टेबलावर गेल्या. हा गृहस्थ स्वतःच्या लग्नाच्या कोटातही खोट काढेल असा. त्याने वीसही भिंगाखाली धरल्या आणि चार बाजूला टाकल्या. मालकांनी खडूचे आकडे आपल्या यादीशी ताडून पाहिले. चारही त्या मुलीच्या. सासूबाईंच्या दहापैकी दहा पास.

मुलगी रडवेली झाली. सासूबाई उठल्या, तिचा हात धरला आणि तिला नव्या दिव्यांखाली बसवलं. "आता शिव. घाई नको." तिच्या पुढच्या दहाच्या दहा पास झाल्या. अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्याने मी.

मालकांनी लगेच काकांना फोन लावला, बाकीच्या रांगाही अशाच करा म्हणाले. मग ते आमच्या रांगेकडे वळले. सासूबाई तोवर आपल्या खुर्चीवर बसून पुढची कॉलर लावत होत्या. मालक मशिनवर ओणवे झाले, घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. ही खुर्ची तुमचीच. हात चालताहेत तोवर इथून तुम्हाला कुणी उठवणार नाही."

सासूबाईंनी मान वर केली नाही.

"जरा बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. "उजेड अडतोय."