ज्वारीच्या रानात मेलेली कोकरं

माझं लग्न नवंनवं होतं, त्या साली आमची मेंढरं सारोळ्याला नीरेकाठच्या ज्वारीच्या रानात बसली. म्हणजे रात्री कळप शेतात बसवायचा. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, बदल्यात दाणे आम्हाला. शेतकरी सकाळी लेंड्या बघूनच खूश व्हायचा. म्हणून सासऱ्यांची रीत अशी, की आदला दिवसभर कळप उपाशी चालवायचा आणि रानात पोचलं की एकदम मोकळा सोडायचा. कापणीनंतर कणसं खाली पडलेलीच असायची. मेंढरं त्यांच्यावर तुटून पडली.

सकाळी बघतो तर कळपातली सगळ्यांत गुबगुबीत कोकरं मेलेली! माना मागं वळलेल्या, पाय झाडून झाडून माती उकरलेली. रोडकी मात्र टुणटुणीत.

सासूनं थेट माझ्याकडं पाहिलं. "काल हिनंच कुरवाळली त्यास्नी. लई गोंडस म्हणत हुती." झालं, माझी नजर लागली! आणि मला संशय जावेचा. तिच्या मेंढ्यांना दूध कमी, कोकरं सगळी रोडकी, पण एकही मेलं नव्हतं. हिनंच काही चारलं असेल, असं वाटून मी तिच्या हातचं पाणीसुद्धा पिईना. सासऱ्यांनी तर शेतकऱ्यावरच विषाचा आळ घेतला.

"आनखी एक मेलं की हिला माहेरी धाडून दे," सासू माझ्या नवऱ्याला म्हणाली. तो खाली बघून दोर वळत बसला! अस्सा राग आला मला त्याचा.

आळ नको म्हणून शेतकऱ्यानंच भोरहून गुरांचा डॉक्टर आणला. त्यानं एक कोकरू फाडून दाखवलं. मूत्रपिंडं चिखलासारखी मऊ झालेली.

"कुणी विष घातलं नाही," तो म्हणाला. "उपाशी पोटी एकदम दाणा पडला की आतड्यातले जंतू माजतात आणि तेच विष करतात. जे जास्त दाणा खातं, जास्त दूध पितं, तेच मरतं. आधी कोरड्या कडब्यानं पोट भरा, मग थोडा वेळ रानात सोडा, रोज थोडं वाढवा. लस नवी निघालीय, पण तिचा जोर लगेच येत नाही. रानात उतरायच्या आधीच दोनदा टोचून घ्यायची, मधे तीन-चार आठवडे ठेवून. गाभण मेंढीला विण्याच्या महिनाभर आधी पुन्हा टोचा, म्हणजे चिकातून पिल्लाला बळ मिळतं."

"हिच्या माहेरचाच दिसतोय," सासू पुटपुटली.

पण सासऱ्यांनी त्याच दिवशी कळप रानाबाहेर काढून कडब्यावर ठेवला. मरणं थांबली, आणि माझं माहेरी जाणं टळलं. पुढच्या साली वेळेवर दोन्ही टोचण्या झाल्या, आधी कडबा, मग रान. एकही कोकरू दगावलं नाही. मी वाट बघत होते, आता तरी कुणी म्हणेल, पोरीची चूक नव्हती.

सासूनं कोकरांवरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "बघ, औंदा हिला यांच्याजवळ फिरकू दिलं न्हाई, म्हनून वाचली."

नवऱ्यानं मान डोलावली.